नव्या गाडीची वॉरंटी: किती वर्षं, किती किलोमीटर आणि कोणत्या भागांवर? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी काही वर्षं पुण्यात एका अधिकृत वर्कशॉपच्या काउंटरवर सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. वॉरंटीवरून जितकी भांडणं तिथे पाहिली, त्यातली निम्मी गाडी घेण्याआधी पुस्तिकेची चार पानं वाचली असती तर झालीच नसती. उरलेल्या निम्म्यांत गिऱ्हाइकाचं बरोबर होतं, पण त्याला ते मांडता आलं नाही. खालचे प्रश्न त्याच काउंटरवरचे आहेत, आणि काही नंतर नातेवाइकांनी फोनवर विचारलेले.

सगळ्यात जास्त वॉरंटी कोणत्या कंपनीची?

या प्रश्नाला मी आधी उलटा प्रश्न विचारतो: तुमची गाडी वर्षाला किती पळते? कारण वॉरंटीला दोन कुंपणं असतात, वर्षांचं आणि किलोमीटरचं. जे आधी लागेल तिथे वॉरंटी संपते.

भारतातल्या नेहमीच्या कंपन्या पाहू. मारुती सुझुकीची वॉरंटी बरीच वर्षं दोन वर्षं किंवा ४०,००० कि.मी. एवढीच होती. जुलै २०२४ पासून दिलेल्या गाड्यांना ती तीन वर्षं किंवा १,००,००० कि.मी. झाली. टोयोटाची तीन वर्षं किंवा १,००,००० कि.मी. आहे. ह्युंदाई, किया आणि होंडा यांच्या बहुतेक गाड्यांना खासगी वापरासाठी तीन वर्षं आणि किलोमीटरचं बंधन नाही. फोक्सवॅगनच्या टायगुन आणि व्हर्टसला चार वर्षं किंवा १,००,००० कि.मी. असं गणित आहे. टाटा आणि महिंद्रामध्ये मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून तिथे ब्रँडचं नाही तर त्या मॉडेलचं पान पाहावं.

आता हे आकडे रोजच्या वापराला लावून बघा. तीन वर्षांत एक लाख म्हणजे वर्षाला साधारण ३३,३०० कि.मी., म्हणजे रोजचे ९१. चार वर्षांत एक लाख म्हणजे वर्षाला २५,००० कि.मी., रोजचे ६८.

समजा तुम्ही कोथरूडहून हिंजवडीला जाता, शनिवारी-रविवारी घरीच असता आणि वर्षाला ९,००० कि.मी. करता. तुम्हाला 'अनलिमिटेड किलोमीटर'चा काडीचाही उपयोग नाही, कारण किलोमीटरच्या कुंपणापर्यंत तुम्ही पोचतच नाही. तुमच्या कामाचं आहे ते चौथं वर्ष.

दुसरं उदाहरण माझ्या मावसभावाचं. तो धंद्यासाठी आठवड्यातून दोनदा पुणे-नाशिक-पुणे करतो. एका फेरीचे जाऊन-येऊन ४२० कि.मी. धरले तर वर्षाच्या पन्नास आठवड्यांत ४२,००० होतात. त्याच्यासाठी 'तीन वर्षं किंवा एक लाख' आणि 'चार वर्षं किंवा एक लाख' या दोन्ही वॉरंट्या अगदी सारख्या आहेत, कारण दोन्ही साधारण अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या महिन्यात संपतात. जाहिरातीत एक वर्ष जास्त दिसतं, ते त्याच्या हातात पडतच नाही. त्याने तीन वर्षं अनलिमिटेडवाली गाडी घेतली, आणि ते बरोबरच होतं.

वर्षाला २५,००० च्या खाली असाल तर वर्षं बघा, ३३,००० च्या वर असाल तर किलोमीटर बघा. मधल्यांनी डिझाइन आवडेल ती गाडी घ्यावी, वॉरंटीने फार फरक पडणार नाही.

'अनलिमिटेड' म्हणजे खरंच अनलिमिटेड का?

किलोमीटरपुरतं, हो. पण ते खासगी नोंदणीच्या गाडीला असतं. पिवळ्या पाटीची, म्हणजे टॅक्सी म्हणून नोंदवलेली गाडी असेल तर बहुतेक कंपन्या वेगळी, किलोमीटरची मर्यादा असलेली वॉरंटी देतात. पांढऱ्या पाटीची गाडी ॲपवर किंवा कंपनीच्या कंत्राटावर भाड्याने चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. क्लेमच्या वेळी तीस महिन्यांत दोन लाख किलोमीटर दिसले की पहिली चौकशी तीच होते.

वॉरंटी कधीपासून मोजतात? बुकिंगपासून, पासिंगपासून की गाडी घरी आल्यापासून?

पहिल्या मालकाला गाडी दिल्याच्या किंवा विकल्याच्या तारखेपासून. ती तारीख वॉरंटी कार्डावर आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये असते. दसऱ्याच्या मुहूर्ताला गाडी घ्यायची म्हणून आधी बिल करून ठेवलं असेल, तर सिस्टिममध्ये कोणती तारीख पडली ते डिलिव्हरीच्या दिवशीच विचारा. डेमोची गाडी स्वस्तात घेत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण तिचं घड्याळ बहुधा आधीच सुरू झालेलं असतं.

गाडी विकली तर राहिलेली मूळ वॉरंटी साधारणपणे गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जाते. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचा मामला वेगळा आहे, तो पुढे येईल.

वॉरंटीत नेमकं काय येतं?

मालातला दोष आणि कारखान्यातल्या जोडणीतला दोष. बस एवढंच. गाडी बंद पडली म्हणून वॉरंटी मिळत नाही. ती कशामुळे बंद पडली यावर ते ठरतं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, स्टार्टर, पॉवर विंडोच्या मोटारी, इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू आणि सेन्सर ही सगळी मंडळी साधारण यात असतात. दुरुस्त करायचं की नवा भाग घालायचा, हे कंपनी ठरवते, आपण नाही. वॉरंटीत बदललेल्या भागाला नवीन तीन वर्षं मिळत नाहीत. मूळ वॉरंटी ज्या दिवशी संपते त्याच दिवशी त्याचीही संपते.

झीज होणारे भाग, ज्याला काउंटरवर 'वेअर अँड टेअर' म्हणतात, ते कोणते?

जे भाग वापरानेच घासायचे, जळायचे किंवा कडक व्हायचे असतात, ते. प्रत्येक पुस्तिकेत 'वॉरंटी यांना लागू नाही' असं एक पान असतं. ब्रँड बदलला तरी त्या पानावर थोड्याफार फरकाने हीच नावं सापडतील: ब्रेक पॅड आणि ब्रेक शू, क्लच प्लेट, वायपरची ब्लेड, बल्ब, फ्यूज, स्पार्क प्लग, सगळे फिल्टर, पट्टे, होज पाइप, केबल आणि रबरी भाग. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, एसीचा गॅस हेही त्यात येतात, पण एक पोटकलम असतं: वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी ते काढावे लागले तर ते कंपनी भरून देते. कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलला आणि गॅसचे पैसे बिलात लावले, तर तिथे बोट ठेवा.

याशिवाय काही कामं आहेत जी भाग नसून देखभाल आहे. व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग, टायर फिरवणं, हेडलाइटचा झोत नीट करणं, सैल नट आवळणं. ही कधीच वॉरंटीत नसतात.

ब्रँडची तुलना करताना मी दोन पुस्तिका शेजारी ठेवून फक्त हे पान वाचतो. वर्षांचा आकडा सेल्समन सांगतोच. यादीत 'सर्व रबरी भाग' असं सरसकट लिहिलंय की 'ऑइल सील सोडून' असं पुढे जोडलंय, हे तो सांगत नाही, कारण त्याला ते माहीतच नसतं. मारुतीच्या पुस्तिकेत रबरी भाग वगळताना ऑइल सील आणि काचेच्या खाचेतलं रबर यांना अपवाद केलेला मी पाहिला आहे. या दोन शब्दांनी केवढा फरक पडतो ते पुढच्या उत्तरात कळेल.

भाग यादीत आहे म्हणजे तो कधीच वॉरंटीत मिळणार नाही का?

असं नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. यादी 'सामान्य झीज' वगळते. तो भाग झिजला नसून दुसऱ्या एखाद्या दोषाने खराब झाला असेल, तर गोष्ट बदलते.

एक गाडी मला नीट आठवते. मॅन्युअल गिअरची छोटी हॅचबॅक, १९,००० कि.मी., दीड वर्ष झालेलं. सिंहगड रोडचे एक निवृत्त मास्तर ती चालवायचे. तक्रार अशी की कात्रजचा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी पुढे ओढत नाही. म्हणजे क्लच घसरत होता. ते आधी दुसऱ्या एका वर्कशॉपला गेले होते. तिथे जॉब कार्डवर लिहिलं गेलं होतं: 'क्लच प्लेट बदलणे'. त्या तीन शब्दांतच त्यांचा क्लेम मेला होता. क्लच प्लेट यादीत, यादीतला भाग वॉरंटीत नाही, विषय संपला.

आमच्याकडे आल्यावर मी कार्डावर लिहिलं: 'चढावर चौथ्या गिअरमध्ये क्लच घसरतो, कारण तपासणे'. मग गिअरबॉक्स उतरवला.

क्लच चालवण्यामुळे झिजला असेल तर ते दिसतं. प्लेटवरचं अस्तर सगळीकडून सारखं पातळ होऊन रिव्हेटच्या डोक्याला टेकलेलं असतं. क्लचभोवतीच्या कवचात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये, कोरडी काळी भुकटी साचलेली असते. आणि पाय सतत क्लचवर ठेवायची सवय असेल तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर निळसर जांभळे डाग उमटतात, तापलेल्या तव्यासारखे. असं दिसलं तर कुणी कितीही भांडलं तरी उपयोग नाही.

मास्तरांच्या गाडीत तसं काही नव्हतं. अस्तर जवळजवळ नव्याइतकं जाड होतं, रिव्हेट खोल होते. पण पृष्ठभाग काळा, चकचकीत झालेला, बोट फिरवलं की तेलकट. बेल हाउसिंगचा खालचा भाग ओला होता आणि ओल इंजिनच्या बाजूने येत होती. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील गळत होतं. तेल क्लचवर गेलं, अस्तराने ते पिऊन घेतलं आणि पकड गेली. म्हणजे क्लच हा बळी होता, दोषी सील होतं.

त्या कंपनीच्या यादीत ऑइल सीलला अपवाद होता. सीलचा क्लेम लागला, आणि सीलच्या दोषामुळे खराब झालेला भाग म्हणून क्लच प्लेटही त्याच क्लेममध्ये बसली. मास्तरांनी शून्य रुपये भरले. 'पहिल्या ठिकाणीच असं का नाही सांगितलं हो?' असं त्यांनी विचारलं. उत्तर असं की क्लेमचे पैसे वर्कशॉपला कंपनीकडून मिळतात. कंपनी फोटो आणि जुना भाग मागवते, नंतर ऑडिटमध्ये क्लेम चुकीचा वाटला तर पैसे परत कापून घेते. ज्या क्लेमवर वाद होऊ शकतो तो टाकायला काउंटरवरचा माणूस घाबरतो. गिऱ्हाइकाला 'वेअर अँड टेअर' म्हणणं त्याला सोपं पडतं.

म्हणून तीन गोष्टी करा. कार्डावर उपाय लिहू देऊ नका, लक्षण लिहायला लावा. उघडल्यावर मला बोलवा, किंवा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, असं आधीच सांगा. आणि क्लेम नाकारला गेला तर गिअरबॉक्स काढण्या-घालण्याची मजुरी किती लागेल, ते उघडण्यापूर्वी विचारा. नाहीतर नकार मिळतो तो मिळतोच, वर मजुरीचं बिलही.

क्लचमधली एखादी स्प्रिंग तुटणं, प्रेशर प्लेटची पाकळी मोडणं हीदेखील झीज नव्हे. घासणं वेगळं आणि मोडणं वेगळं. तुकडा हातात ठेवून हेच वाक्य बोला.

शॉक ॲब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश, ब्रेक डिस्क यांचं काय?

हे काठावरचे भाग. शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळून त्याच्या अंगावरून ओघळ आला असेल तर वॉरंटीच्या काळात तो बहुधा बदलून मिळतो, मात्र नळीला पोचा नसावा. पोचा दिसला की 'बाहेरून मार' असा शेरा पडतो, आणि आपल्या रस्त्यांवर पोचा पडायला वेळ लागत नाही. नुसती धूळ चिकटलेली थोडीशी ओल म्हणजे गळती नव्हे, हे मात्र वर्कशॉपचं म्हणणं खरं असतं.

बुश रबरी असतात, त्यामुळे 'सर्व रबरी भाग' लिहिलेल्या यादीत ते अडकतात. काही कंपन्या पहिल्या वर्षात किंवा ठरावीक किलोमीटरपर्यंत बदलून देतात. आवाज हा एकटा पुरावा पुरत नाही. 'कामावर परिणाम न करणारा आवाज किंवा कंप' वगळणारं कलम जवळपास सगळीकडे असतं. तेव्हा टायर आतल्या बाजूने खातोय, गाडी ओढतेय, असा परिणाम दाखवता आला तर दाखवा.

ब्रेक डिस्क पातळ झाली तर झीज. पण ५,०००-६,००० कि.मी.ला पॅड जाड असताना ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्क वाकडी आहे का ते डायल गेजने मोजायला लावा. एवढ्यात झिजून असं होत नाही.

गाडीची बॅटरी आणि टायर गेले तर कंपनी देते का?

त्यांची वॉरंटी त्यांच्या-त्यांच्या कारखान्याची असते. कार कंपनीचा डीलर फार तर तुमचा अर्ज पुढे पाठवतो. टायरमध्ये फुगा येणं, थर सुटणं असा दोष निघाला तरी नवा टायर फुकट मिळत नाही, उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात सूट मिळते. समजा नव्या टायरची नक्षी ८ मि.मी. होती. कायद्याने १.६ मि.मी.च्या खाली टायर चालवता येत नाही, म्हणजे वापरायची नक्षी ६.४. तुमच्या टायरवर आता ४.८ उरली आहे, म्हणजे वापरण्याजोगी ३.२. निम्मा टायर तुम्ही वापरला, तेव्हा ६,००० चा टायर ३,००० ला पडेल. खड्ड्यात आपटून फुगलेला टायर मात्र 'आघात' म्हणून परत येतो. आतल्या बाजूला कापल्यासारखी दुहेरी रेघ असली की समजा तसाच शेरा येणार.

पावसाचं पाणी इंजिनात गेलं, उंदराने वायर कुरतडली. हे वॉरंटीत?

दोन्ही नाही. हे विम्याचे विषय. सबवेत पाणी तुंबलेलं असताना गाडी घातली, इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर साधा विमाही बहुतेक वेळा हात वर करतो. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी वॉरंटी वाढवण्यापेक्षा ते आधी घ्यावं, असं माझं मत. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. रॉड बहुधा त्या दुसऱ्या स्टार्टला वाकतो.

बाहेरच्या मेकॅनिककडे सर्व्हिस केली, बाहेरून सीएनजी बसवला, स्टिरिओ बदलला. वॉरंटी गेली का?

सरसकट गेली असं म्हणणं चुकीचं आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला, तेव्हा दंडाबरोबर हेही बजावलं होतं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द होईल अशी सरसकट अट घालू नये. कंपन्या अपिलात गेल्या आणि पुस्तिकांतली भाषा आजही कडक आहे. म्हणून तत्त्वासाठी लढायचं नसेल, तर वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा आणि पावत्या जपा. सर्व्हिस तीन महिने चुकवली आणि इंजिन जाम झालं, तर कोणताही आदेश मदतीला येणार नाही.

बाहेरून बसवलेला सीएनजी किट हा खरा घात. त्याने इंजिन, इंधन आणि वायरिंग या तिन्हींवर कंपनीला नकार द्यायचं कारण मिळतं. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या गाडीला हा त्रास नाही, ती पूर्ण वॉरंटीत असते. पंपावरच्या रांगेत उभं राहणाऱ्यांपैकी कितीतरी लोकांनी वीस-तीस हजार वाचवायला किट बाहेरून लावलेला असतो, तो हिशेब पहिल्या मोठ्या बिलाला उलटतो.

स्टिरिओसाठी मूळ वायर कापली असेल तर त्या सर्किटपुरता वाद होणारच. पण वायर कापली म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम नाकारता येत नाही. दोष आणि बदल यांचा संबंध काय, ते लेखी मागा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना इतकी लांब वॉरंटी कशी?

ती अख्ख्या गाडीला नसते. ती फक्त मोठ्या बॅटरीला, कुठे मोटारलाही असते. टोयोटा आणि होंडाच्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० कि.मी. आहे. टाटाच्या इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी आणि मोटारला हाच आकडा रुळला होता, आणि बाकी गाडीची वॉरंटी त्याहून खूप लहान. म्हणजे पाचव्या वर्षी टचस्क्रीन गेला तर 'आठ वर्षं' तिथे लागू नाहीत.

आता 'लाइफटाइम' आलं आहे. एमजी विंडसर, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, टाटाची हॅरिअर ईव्ही यांना ते मिळतं, पण पहिल्या खासगी मालकाला. गाडी विकली की आयुष्य आखडतं. महिंद्राच्या या दोन गाड्यांत दुसऱ्या मालकाला बॅटरीवर दहा वर्षं किंवा २,००,००० कि.मी. मिळतात. टाटाने 'लाइफटाइम' म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं असं स्पष्ट केलं आहे. जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने जाहिरात न वाचता हे वाक्य वाचावं.

बॅटरीतही झीज आहेच. क्षमता हळूहळू उतरणं सामान्य मानलं जातं. ती ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली तरच क्लेम उभा राहतो, आणि बऱ्याच कंपन्या ही रेषा ७० टक्क्यांवर आखतात. डॅशबोर्डवरची रेंज कमी दिसते हा पुरावा नव्हे. वर्कशॉपकडून बॅटरीच्या तब्येतीचा छापील रिपोर्ट दर सर्व्हिसला मागून घ्या, त्यावर टक्के असतात.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिथे ह्युंदाईला दहा वर्षं देतात. मग आपल्याला तीनच का?

भाऊ खरं सांगतोय, पण अर्धं. तिथली दहा वर्षं किंवा एक लाख मैल ही फक्त पॉवरट्रेनची, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या भागांची वॉरंटी आहे, आणि तीही पहिल्या मालकालाच. बाकी गाडीला पाच वर्षं किंवा ६०,००० मैल. आपल्याकडे पॉवरट्रेन आणि बाकी गाडी अशी फोड सहसा नसते, एकच आकडा सगळ्याला. तरीही तिथलं जास्त आहे, हे मान्य. युरोपात किया सात वर्षं देते, तेही खरं. वॉरंटी ही गाडीच्या दर्जापेक्षा त्या बाजारात विक्रीसाठी किती खर्च करायचा याच्याशी जास्त जोडलेली असते. मारुतीची गाडी जुलै २०२४ च्या एका आठवड्यात अचानक दीडपट टिकाऊ झाली नव्हती.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

वर्षाला १२,००० च्या आत वापर असेल आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल, तर घ्यावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो इंजिन असेल तर नक्कीच. मारुतीत ती सहा वर्षं किंवा १,६०,००० कि.मी.पर्यंत नेता येते. तीन गोष्टी बघा: ती कंपनीची स्वतःची आहे की डीलरने बाहेरच्या एखाद्या संस्थेची विकली आहे, झिजणाऱ्या भागांची यादी मूळ वॉरंटीपेक्षा लांब झाली आहे का, आणि किती दिवसांच्या आत घेतली तर स्वस्त पडते. चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने हे पैसे ठेवून द्यावेत.

क्लेम नाकारला. आता?

तोंडी नकार घेऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारला, ते जॉब कार्डवर किंवा ईमेलवर लिहून मागा. हे मागितल्यावर निम्मे नकार तिथेच मऊ पडतात, हा माझा अनुभव. मग वर्कशॉपला सोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहा, फोटो आणि सर्व्हिसच्या पावत्यांसह. कंपनीचा एरिया इंजिनिअर ठरावीक दिवशी वर्कशॉपला येतो. 'त्यांच्या भेटीच्या दिवशी गाडी दाखवायची आहे' असं सांगितलं तर वेळ मिळते. वॉरंटी नुकतीच संपली असेल पण सर्व्हिसचा इतिहास चोख असेल, तर 'गुडविल' मागा. त्यात कंपनी भागाचे काही टक्के सोसते. हा हक्क नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देतही नाही.

तरीही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच तक्रार होते, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष तपासल्याशिवाय ठरणार नसेल तर आयोग भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण त्यासाठी भाग शिल्लक हवा. म्हणून वाद चालू असताना पैसे भरून दुरुस्ती करून घ्यावीच लागली, तर जुना भाग पिशवीत घालून, जॉब कार्डचा नंबर लिहून घरी आणा. पैसे तुम्ही भरले म्हणजे तो भाग तुमचा, तो वर्कशॉपच्या भंगारात जाता कामा नये.